खारीच्या पाकिटावर ट्रान्स फॅट ०.४ ग्रॅम, मग डॉक्टर एवढे का बजावतात?

मयूरी_डिचोली
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात बाबांची अँजिओप्लास्टी झाली. वय ६१. घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्या समजावून सांगितल्या, आणि आम्ही दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून म्हणाले, "बेकरीचे बंद हां. पाकीट आणलेच तर मागचे ट्रान्स फॅट बघून आणा."

आता बाबांची गोष्ट अशी की सकाळच्या चहाला चार खाऱ्या आणि संध्याकाळी चार, हा गेल्या तीस वर्षांचा नेम. पूर्वी कोपऱ्यावरच्या बेकरीतून सुटी यायची, आता पाकिटातली येते. काल पहिल्यांदाच पाकीट उलटे करून वाचले. दर १०० ग्रॅमला एकूण फॅट २८ ग्रॅम, सॅच्युरेटेड १४ ग्रॅम, ट्रान्स ०.४ ग्रॅम. बाबा लगेच म्हणाले, "बघ, अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. एवढ्याशाने काय होतंय?" खरे सांगायचे तर मलाही उत्तर देता आले नाही. १४ ग्रॅम सोडून डॉक्टरांनी ०.४ वरच बोट का ठेवले?

---

गिरीश_पेडणे
मयूरीताई, पाकिटावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असले की कंपनीला सरळ शून्य लिहायची मुभा आहे. म्हणजे शून्य लिहिलेल्या बिस्किटातही ०.४९ असू शकते. आणि घटकांत 'हायड्रोजनेटेड' शब्द दिसला की पाकीट परत फळीवर. हायड्रोजनेटेड म्हणजेच ट्रान्स, विषय संपला.

---

सुनंदा_फोंडा
माझे कोलेस्टेरॉल २४० आले होते तेव्हा मी बाहेरचे सगळे बंद केले. चवथीच्या नेवऱ्या, चकल्या सगळे घरीच, तेही साजूक तुपात नाहीतर नव्या तेलात. ट्रान्स फॅट हे तेल पुन्हापुन्हा तापवल्याने होते. फरसाणवाल्याची काळी कढई बघितलीत ना? तिथेच ते तयार होते. तुपात ते मुळीच नसते. तुपाच्या बरणीवर स्वच्छ शून्य लिहिलेले असते, मी बघितले आहे.

(तरी सहा महिन्यांनी तपासले तर २३२. मग डॉक्टरनी गोळी दिलीच.)

---

जुना_रसायनी
मी तेलाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत पंचवीस वर्षे काढली, त्यातली बरीच याच ०.४ च्या मागे गेली. म्हणून जरा लांब लिहितो.

तेलाचा रेणू वाकड्या काडीसारखा असतो. वाकड्या काड्यांची मोळी घट्ट बांधता येत नाही, म्हणून तेल पातळ राहते. सॅच्युरेटेड फॅटच्या काड्या सरळ असतात, त्या एकमेकींना चिकटून बसतात, म्हणून ते थिजते. पातळ तेलापासून घट्ट वनस्पती तूप करायचे तर ते तापवून, त्यात निकेलची भुकटी घालून, दाबाखाली हायड्रोजन सोडतात. काही काड्या पूर्ण सरळ होतात. पण मधेच थांबले, आणि मऊसर लोण्यासारखा माल हवा असेल तर मधेच थांबावेच लागते, तर काही काड्यांचे वाकडे सांधे निकेलवर नुसतेच फिरून सरळ बसलेले असतात. सांधा तसाच, फक्त दिशा बदललेली. हेच कारखान्यातले ट्रान्स फॅट.

गिरीशभाऊ, तुमचे अर्धे बरोबर आहे. अर्धवट हायड्रोजनेट केलेल्या तेलात ट्रान्स येते. पूर्ण केलेल्यात जवळजवळ शून्य, कारण फिरायला सांधाच उरत नाही. ते मेणबत्तीसारखे कडक होते, म्हणून पातळ तेलात मिसळून वापरतात. तेव्हा त्या एका शब्दावरून निकाल देता येत नाही. अर्ध्या ग्रॅमला शून्य लिहायची सवलत अमेरिकेची आहे, तीही दर खाण्याच्या मापाला. आपल्याकडे आकडा दर १०० ग्रॅमला द्यावा लागतो, आणि 'ट्रान्स फॅट मुक्त' असे मिरवायचे तर १०० ग्रॅममध्ये ०.२ ग्रॅमपेक्षा कमी असावे लागते.

सुनंदाताई, तुपाचे नंतर लिहितो. ते जरा गमतीचे आहे.

---

मयूरी_डिचोली
काका, हे समजले. पण मग ०.४ चांगले की वाईट? माप कशाशी लावू?

---

जुना_रसायनी
दोन मापे लावा.

पहिले कायद्याचे. १ जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की पदार्थात जेवढे तेल-तूप असेल त्याच्या २ टक्क्यांपेक्षा जास्त कारखानी ट्रान्स चालत नाही. पदार्थाच्या नव्हे, त्यातल्या फॅटच्या २ टक्के. इथेच लोक चुकतात. तुमच्या खारीत फॅट २८ ग्रॅम, म्हणजे मर्यादा ०.५६. तुमचा आकडा ०.४, म्हणजे फॅटच्या साधारण १.४ टक्के. आत आहे. कधी पाकिटावर २८ ग्रॅम फॅट आणि १ ग्रॅम ट्रान्स दिसले तर मात्र तो माल नियमात बसत नाही, हे घरबसल्या भागाकार करून कळते.

ही मर्यादा एकदम खाली आलेली नाही. आधी वनस्पती तुपाला १० टक्के चालायचे, मग ५ झाले, २०२१ ला ३, आणि २०२२ ला २. तुमचे बाबा पूर्वी जी सुटी खारी खायचे ती १० टक्क्यांच्या वनस्पतीची असती, तर त्याच २८ ग्रॅम फॅटमध्ये २.८ ग्रॅम ट्रान्स. आजच्या सातपट.

दुसरे माप रोजच्या खाण्याचे. लेबलच्या हिशोबात दिवसाला ट्रान्सचे प्रमाण धरतात २ ग्रॅम, सॅच्युरेटेडचे २२ ग्रॅम. बाबांच्या आठ खाऱ्या तराजूवर ठेवून बघा किती भरतात ते. मग पुढे बोलू.

---

रोहन_वास्को
म्हणजे ट्रान्स फॅट फ्री घेतले की वजन कमी होते का? मी जिमला जातो, संध्याकाळी एक पाकीट चिप्स खातो. त्यावर 'झिरो ट्रान्स फॅट' लिहिलेय.

---

गिरीश_पेडणे
@रोहन, कॅलरी तेवढ्याच रे. ट्रान्स असो की नसो, एक ग्रॅम फॅट म्हणजे नऊ कॅलरी. वजनासाठी वेगळा धागा काढ.

---

बेकरीवाला_म्हापसा
धागा वाचून हात शिवशिवले. आमची तिसरी पिढी बेकरीत. पावाला आणि पोईला, म्हणजे आमच्या गोव्याच्या कोंड्याच्या पावाला, असले फॅट लागतच नाही, पीठ, पाणी, मीठ, खमीर, संपले. ट्रान्सचा विषय खारी, पॅटीस आणि क्रीम यांचा.

खारीला पदर कसे सुटतात? मैद्याच्या पोळीवर फॅटचा थर, घडी, परत लाटायचे, परत घडी. भट्टीत पाण्याची वाफ होते आणि थर एकमेकांपासून उचलले जातात. पण लाटताना फॅट लाटण्याखाली पसरले पाहिजे, वितळून मैद्यात मुरता कामा नये. लोण्याने हे थंड देशात होते. आमच्याकडे मे महिन्यात भट्टीच्या खोलीत लोणी ठेवा, दहा मिनिटांत तेल. म्हणून खारीचे मार्जरीन वेगळे येते, पेटीत, मेणासारखे. जुन्या मालाची मजा अशी होती की उन्हाळ्यातही वाकायचा पण तुटायचा नाही. वडील म्हणायचे, "मळलेल्या मातीसारखा माल." ते मऊपण ट्रान्समुळे यायचे हे मला फार उशिरा कळले.

२०२१-२२ मध्ये पुरवठादाराने माल बदलला. पहिल्या आठवड्यात खारी फुगेनाच. आम्हाला वाटले मैदा खराब. मग कळले की नवा माल पामतेलाचा, कडक येतो, लाटण्याआधी थोडा मळून घ्यावा लागतो. आता पेटीवर ट्रान्सचा आकडा छापून येतो. म्हणून सांगतो, नव्या मालात ट्रान्स फारसे राहिलेले नाही. घाबरून सगळी बेकरी बंद करू नका.

---

मयूरी_डिचोली
बेकरीवाले भाऊ, देव बरें करूं. पण सुट्या खारीवर लेबल कुठे असते? मी ती कशी ओळखायची?

---

बेकरीवाला_म्हापसा
खाऊन टाळूला मेण चिकटल्यासारखे झाले तर माल वाईट. आम्ही तसेच ओळखतो.

---

जुना_रसायनी
भाऊ, इथे मी तुम्हाला अडवतो. टाळूला चिकटते ते शरीराच्या उष्णतेला न वितळणारे फॅट. ते ट्रान्समुळे असू शकते, तसेच नुसत्या कडक पामच्या भागामुळेही असू शकते, आणि तुमचा आजचा ट्रान्स फारसे नसलेला माल तर तसाच चिकटणार. जीभ कडकपणा सांगते, ट्रान्स सांगत नाही. वास नाही, रंग नाही, चव नाही. प्रयोगशाळेत फॅट काढून, त्याचे रूप बदलून, वायूच्या यंत्रात शंभर मीटर लांबीच्या केसाएवढ्या नळीतून सोडावे लागते. लहान नळीत वाकड्या आणि सरळ काड्या एकाच वेळी बाहेर पडतात आणि आकडा फसवतो. घरी ओळखायची रीत नाही, जो सांगेल त्याला हसा.

सुट्या मालाला एकच विचारता येते: कुठले फॅट घालता, पेटी दाखवा. पेटीवर लिहिलेले असते. दाखवली नाही तर तेही उत्तरच आहे.

---

डॉ_सत्तरी
मी प्राथमिक आरोग्य केंद्रात असते, हृदयाची तज्ज्ञ नाही. पण मयूरीचा मूळ प्रश्न, १४ सोडून ०.४ वर बोट का, तो अजून बाकी आहे, म्हणून लिहिते.

सॅच्युरेटेड फॅट वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढवते. पण त्यासोबत चांगले, एचडीएल, खाली आणत नाही. ट्रान्स मात्र दोन्हीकडून मारते, एलडीएल वर, एचडीएल खाली. १९९० पर्यंत वैद्यक जगत मार्जरीनला लोण्याचा चांगला पर्याय मानत होते. त्या वर्षी नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि काटान या दोघांनी ५९ निरोगी माणसांना तीन-तीन आठवडे वेगवेगळ्या फॅटचा आहार दिला. बाकी सगळे सारखे, फक्त एका हिश्शाचे फॅट बदलले. ट्रान्सच्या तीन आठवड्यांत एलडीएल चढले आणि एचडीएल उतरले, तेही ज्यांना काहीही झालेले नव्हते अशांचे.

मग मोठा हिशोब. २००६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला. दिवसाच्या कॅलरींपैकी २ टक्के ट्रान्समधून येत असतील तर हृदयविकाराचे प्रमाण २३ टक्क्यांनी जास्त. २ टक्के म्हणजे २००० कॅलरींत ४० कॅलरी, म्हणजे साडेचार ग्रॅम. चमचाभर. कुठल्याही दुसऱ्या फॅटचा इतक्या कमी वजनात इतका परिणाम दिसत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटना दिवसाच्या कॅलरींच्या १ टक्क्याच्या आत ठेवा म्हणते, सुमारे २.२ ग्रॅम.

आणि शरीराला त्याची गरज काहीच नाही. मीठ, साखर, तूप यांच्याबाबत मी पेशंटला "थोडे चालेल" म्हणते, कारण थोडे लागतेच किंवा सोडणे जमत नाही. ट्रान्सला तशी सूट द्यायला कारणच नाही. तुमचे डॉक्टर दारातून ओरडले ते बहुधा म्हणून.

---

मयूरी_डिचोली
मॅडम, आभार. खाऱ्या तोलल्या. आठ मिळून ८० ग्रॅम. म्हणजे ट्रान्स ०.३२, सॅच्युरेटेड ११.२.

---

जुना_रसायनी
झाले तर मग. ट्रान्सचे दिवसाचे २ ग्रॅम धरले तर ०.३२ म्हणजे १६ टक्के. सॅच्युरेटेडचे २२ धरले तर ११.२ म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त, नुसत्या चहाबरोबर. अजून जेवण, मासळीच्या कढीतला नारळ, सगळे बाकी. आता तुमच्या बाबांना सांगा, त्यांचे ट्रान्सबद्दलचे म्हणणे जवळजवळ बरोबर निघाले, पण खारी त्याने सुटत नाही.

ट्रान्स काढले म्हणून खारीतले फॅट हलके झाले नाही. मऊपण देणारी काडी गेली, तिच्या जागी सॅच्युरेटेडची सरळ काडी आणावी लागली, नाहीतर खारी फुगत नाही, हे भाऊंनी वर लिहिलेच आहे. म्हणून पामचा कडक भाग, किंवा पूर्ण हायड्रोजनेट केलेले आणि पातळ तेल यांच्यातल्या काड्यांची अदलाबदल करून केलेला माल. घटकांच्या यादीत 'इंटरएस्टरिफाइड व्हेजिटेबल फॅट' दिसेल तो हाच. १४ चा आकडा तिथून येतो.

---

डॉ_सत्तरी
सहमत, आणि एक भर. २२ ग्रॅम हे धडधाकट माणसाच्या लेबलसाठी. स्टेंट टाकलेल्या माणसाला बरेच डॉक्टर सॅच्युरेटेड एकूण कॅलरींच्या ७ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतात, २००० कॅलरींत १५ ग्रॅमच्या आसपास. त्यात ११ खारीला गेले तर उरले चार. बाबांचे वजन, साखर, औषधे मला माहीत नाहीत, तेव्हा नेमका आकडा त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.

---

सुनंदा_फोंडा
माझ्या तुपाचे राहिलेच की.

---

जुना_रसायनी
विसरलो नव्हतो. गाई-म्हशीच्या पोटातले जंतू चाऱ्यातल्या तेलावर तसलाच हायड्रोजनचा उद्योग करतात, त्यामुळे दुधाच्या फॅटमध्ये निसर्गतःच थोडे ट्रान्स असते, तुपाच्या दोन ते पाच टक्के. बरणीवर शून्य दिसते कारण आपल्या नियमात लेबलवर नैसर्गिक ट्रान्स धरतच नाहीत, फक्त कारखानी. म्हणजे शून्य खोटे नाही, पण तुम्ही वाचलेत तसेही नाही.

काळ्या कढईचे: तेल वारंवार तापवले की थोडे ट्रान्स होते, पण फार नव्हे. तिथे खरी भीती वेगळ्या गोष्टींची, तेल फुटून तयार होणाऱ्या, ज्यांना ध्रुवीय संयुगे म्हणतात. त्यांना २५ टक्क्यांची वेगळी मर्यादा आहे, त्यापुढे तेल टाकून द्यायचे. काळी कढई टाळलीत हे बरेच केलेत, कारण मात्र दुसरे आहे.

---

सुनंदा_फोंडा
म्हणजे तुपातले ट्रान्स चालते? का नाही चालत? एकदाच काय ते सांगा.

---

डॉ_सत्तरी
ताई, एकदाच सांगता येत नाही. माणसे तुपा-दुधातून जेवढे खातात तेवढ्यात नैसर्गिक ट्रान्सने हृदयविकार वाढल्याचे नीट दिसलेले नाही. पण मुद्दाम जास्त दिले तर कोलेस्टेरॉलवर परिणाम तसलाच दिसतो, आणि जागतिक आरोग्य संघटना आपल्या १ टक्क्यात दोन्ही धरते. तुमच्या तुपाबाबत मला ट्रान्सपेक्षा सॅच्युरेटेड जास्त खटकते. तुपात ते निम्म्याहून जास्त आहे. २४० चे २३२ च का झाले याचे थोडे उत्तर नेवऱ्यांतल्या साजूक तुपातही असेल.

---

सुनंदा_फोंडा
आता तुपालाही वाईट म्हणा. आमच्या सासूबाई रोज भातावर तूप घ्यायच्या, ९१ वर्षे जगल्या.

---

गिरीश_पेडणे
रसायनीकाका, एक शंका. तो अदलाबदल केलेला माल ट्रान्सपेक्षा नक्की चांगला आहे का? की वीस वर्षांनी यावरही असाच धागा निघेल? मार्जरीनलाही आधी चांगलेच म्हणत होते ना.

---

जुना_रसायनी
गिरीशभाऊ, हा प्रश्न खरा. ट्रान्सपेक्षा बरा, असे मी म्हणेन, कारण एचडीएल खाली आणायचा तो दुर्गुण त्यात तसा दिसलेला नाही. लोण्यापेक्षा किंवा पामपेक्षा बरा की वाईट, यावर माझ्या ओळखीचे दोन रसायनतज्ज्ञ अजून भांडतात.

---

बेकरीवाला_म्हापसा
काका, टाळूचे मी मागे घेतो. पण पेटी दाखवायला आम्ही तयार आहोत, कोणी विचारतच नाही. गिऱ्हाईक विचारते ते एवढेच, "आजची आहे ना?"

---

मयूरी_डिचोली
आज कोपऱ्यावरच्या बेकरीत विचारले. मालक नव्हते, मुलाने आतून पेटीचे झाकण आणून दाखवले. पामतेल, इंटरएस्टरिफाइड फॅट, ट्रान्स २ टक्क्यांपेक्षा कमी. नेमका आकडा नाही. पाकिटावर निदान ०.४ लिहिलेले होते.

बाबांना सगळा हिशोब वाचून दाखवला. ते आधी म्हणाले, "म्हणजे ट्रान्स नाही, मग डॉक्टर चुकले." मग ११.२ चा आकडा दाखवला तेव्हा गप्प बसले. आता तडजोड अशी निघाली आहे की सकाळी पोई आणि संध्याकाळी दोन खाऱ्या. २० ग्रॅम, सॅच्युरेटेड २.८. पुढच्या आठवड्यात तपासणी आहे, त्या दोन खाऱ्यांचे डॉक्टरांसमोर कबूल करायचे की नाही यावर आईचे आणि बाबांचे सध्या वाजले आहे.

---

डॉ_सत्तरी
कबूल करा. आणि पोईला लोणी कुठले लावतात तेही सांगा.

---

मयूरी_डिचोली
अरे देवा. ते मी तोललेच नाही.